व्हिसाचे स्टिकर कसे वाचावे : कोणत्या देशाने दिला, कुठून दिला आणि कशासाठी दिला

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतील मुले-मुली आता परदेशात आहेत. त्यामुळे साठी-सत्तरीतील आईवडिलांच्या पासपोर्टातही दोन-चार व्हिसे चिकटलेले असतात. पण ते स्टिकर नीट वाचून पाहणारे फार थोडे. तारीख पाहिली, नाव बरोबर आहे ना पाहिले, की पासपोर्ट कपाटात. गेल्या काही महिन्यांत मंडळातील तीन-चार जणांनी माझ्याकडे एकच प्रश्न आणला, म्हणून त्याचे उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहे. प्रश्न असा : युरोपचा व्हिसा दिसायला सगळा सारखाच, मग तो नेमका कोणत्या देशाने दिला हे कसे ओळखायचे?

ज्या प्रकरणामुळे मला हे मुळापासून पाहावे लागले, तेच आधी सांगतो.

शेजारच्या नानांची गोष्ट

आमच्या शेजारचे नाना आणि वहिनी 2025 मध्ये एका सहल कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले. अर्ज अहमदाबादच्या केंद्रात दिला, बोटांचे ठसे तिथेच झाले, पासपोर्ट कुरियरने बडोद्याला घरी आले. विमान पॅरिसला उतरले. तीन रात्री फ्रान्स, तीन रात्री स्वित्झर्लंड, सात रात्री इटली आणि रोमहून परत.

पुढे त्यांच्या मुलीने जर्मनीहून बोलावले. तिचे बाळंतपण होते. नव्या अर्जासोबत जे विनंतीपत्र जोडायचे, त्यात मागच्या प्रवासाचा उल्लेख करताना नानांनी लिहिले, "यापूर्वी आम्हाला फ्रान्सचा व्हिसा मिळाला होता." त्यांच्या मते त्यात काहीच चूक नव्हती. पासपोर्टावर शिक्का फ्रान्सचा होता, विमान फ्रान्सला उतरले होते. अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने दुसऱ्या कागदावर "व्हिसा देणारे ठिकाण : मुंबई" असे लिहिले. आणि पासपोर्टातील स्टिकर तिसरेच सांगत होते, कारण तो व्हिसा इटलीने दिलेला होता.

एकाच अर्जात तीन वेगवेगळी उत्तरे गेली. खुलासा मागणारे पत्र आले. नव्याने पत्र लिहून सगळे जुळवून देण्यात दिवस गेले आणि वहिनी नातवाच्या बारशाला पोचू शकल्या नाहीत, नंतर गेल्या. कुणाचा हेतू वाईट नव्हता. फक्त स्टिकर कुणी वाचले नव्हते.

देणारा देश, देण्याचे ठिकाण आणि चालण्याचा प्रदेश

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, म्हणून मला हे चेकच्या उदाहरणाने लवकर समजते. चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर नऊ आकडी एमआयसीआर कोड असतो. त्यातील पहिले तीन आकडे शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहर आणि बँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "बडोद्याचा चेक" म्हटल्याने तो कोणत्या बँकेचा हे कळत नाही.

व्हिसाचेही तसेच आहे. शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि आपण त्या एकत्र मिसळतो.

पहिली, व्हिसा चालतो कुठे. हे `VALID FOR` या शब्दांपुढे असते. नेहमीच्या व्हिसात तिथे "शेंगेन देश" एवढेच लिहिलेले असते. शेंगेन क्षेत्रात आज 29 देश आहेत, त्यामुळे या ओळीवरून देणारा देश कळत नाही. मात्र एक खूण मिळते. हे शब्द बहुधा देणाऱ्या देशाच्या भाषेत छापलेले असतात. इटलीच्या स्टिकरवर `STATI SCHENGEN`, फ्रान्सच्या `ETATS SCHENGEN`, जर्मनीच्या `SCHENGENER STAATEN`, स्पेनच्या `ESTADOS SCHENGEN`. ही खूण उपयोगाची, पण पुरावा म्हणून तिच्यावर थांबू नये. एकच भाषा दोन-तीन देशांत चालते.

दुसरी, व्हिसा निघाला कुठून. हे `ISSUED IN` पुढे असते. तिथे शहराचे नाव असते, म्हणजे ज्या वकिलातीतून किंवा दूतावासातून स्टिकर निघाले ते शहर. नानांच्या स्टिकरवर तिथे `MUMBAI` होते. मुंबईत अनेक देशांच्या वकिलाती आहेत, म्हणून `MUMBAI` या शब्दावरून देश ओळखता येत नाही. आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी. आपण ज्या अर्ज केंद्रात कागद देतो, ते केंद्र व्हिसा देत नाही. ते कागद आणि ठसे गोळा करून वकिलातीकडे पाठवते आणि पासपोर्ट परत आणून देते. म्हणून अहमदाबादला अर्ज दिला तरी स्टिकरवर अहमदाबाद येत नाही.

गोव्यातील मंडळींना याचे उलटे उदाहरण जवळचे वाटेल. पणजीत पोर्तुगालची वकिलात आहे. तिथून निघालेल्या स्टिकरवर गाव गोव्यातील, देणारा देश पोर्तुगाल आणि चालण्याचा प्रदेश सगळे शेंगेन देश, अशा तीन गोष्टी तीन जागी दिसतील.

तिसरी आणि खरी गोष्ट, व्हिसा दिला कोणी. हे स्टिकरवर देशाच्या संकेताक्षरांनी सांगितलेले असते आणि ते सर्वांत खात्रीने वाचायची जागा म्हणजे स्टिकरच्या तळाशी असलेल्या दोन लांब ओळी.

तळाच्या दोन ओळी

पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर असतात तशाच, `<` अशा बाणांनी भरलेल्या दोन ओळी व्हिसाच्या तळाशीही असतात. विमानतळावरील यंत्र त्या वाचते. त्यांची रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलेली आहे. शेंगेनच्या स्टिकरवर प्रत्येक ओळीत 36 जागा असतात आणि प्रत्येक जागेचा अर्थ ठरलेला असतो. बँकेच्या जुन्या लेजरमध्ये जसा प्रत्येक रकाना ठरलेला असे, तसेच हे.

वहिनींच्या स्टिकरवरील ओळी नाव, जन्मतारीख आणि क्रमांक बदलून खाली देत आहे. नावाच्या जागी "नमुना व्यक्ती" घातले आहे.

```
VCITANAMUNA<<VYAKTI<<<<<<<<<<<<<<<<<
0123456784IND5804122F2506207S1015522
```

आता वरची ओळ डावीकडून वाचू.

पहिले अक्षर `V`. म्हणजे हा कागद व्हिसा आहे. पासपोर्टावर याच जागी `P` असतो.

दुसरे अक्षर `C`. हा व्हिसाचा प्रकार. त्याविषयी पुढे बोलू.

तिसरे, चौथे आणि पाचवे अक्षर `ITA`. हा देणारा देश, म्हणजे इटली. आपल्या प्रश्नाचे उत्तर या तीन अक्षरांत आहे. फ्रान्सने दिला असता तर इथे `FRA` असते.

सहाव्या जागेपासून आडनाव, मग दोन बाण, मग नाव. उरलेल्या जागा बाणांनी भरलेल्या.

खालच्या ओळीत पहिले नऊ आकडे हा व्हिसाच्या स्टिकरचा क्रमांक. तोच वरच्या बाजूला ठळक छापलेला असतो. दहावा आकडा तपासणीचा. मग `IND`. इथे बरेच जण फसतात. `IND` पाहून "भारतातून दिला" असा अर्थ काढतात. तसे नाही, हे प्रवाशाचे नागरिकत्व आहे. त्यापुढे जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे 12 एप्रिल 1958, आणि तिचा तपासणी आकडा. मग स्त्रीसाठी `F`. हा `F` फ्रान्सचा नव्हे, हेही सांगून ठेवतो. नानांनी तो दाखवून मला विचारलेच होते. मग व्हिसा संपण्याची तारीख, 20 जून 2025, आणि तिचा तपासणी आकडा.

शेवटच्या आठ जागा शेंगेनच्या स्वतःच्या आहेत. `S` म्हणजे सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. त्याऐवजी `T` असेल तर तो ठरावीक प्रदेशापुरता आहे, आणि अशा वेळी `VALID FOR` पुढची ओळ नीट वाचल्याशिवाय तिकीट काढू नये. पुढचा `1` म्हणजे एकदाच प्रवेश. `015` म्हणजे पंधरा दिवस राहण्याची परवानगी. शेवटचे `522` म्हणजे पाचव्या महिन्याची 22 तारीख, व्हिसा सुरू होण्याचा दिवस.

इथे कुणी विचारेल, 22 मे ते 20 जून हे तीस दिवस झाले, मग पंधराच दिवस कसे? प्रवासाची तारीख थोडी मागेपुढे झाली तर अडचण नको म्हणून नियमाने पंधरा दिवसांची सवलत मुदतीत धरलेली असते. म्हणजे त्या तीस दिवसांत केव्हाही जा, पण राहायचे पंधराच दिवस. तारखा पाहून तीस दिवस राहणारा माणूस परतताना अडकतो.

देशांची अक्षरे : कुठे गोंधळ होतो

तीन अक्षरे नेहमी इंग्रजी नावाचीच असतील असे नाही. आपल्या लोकांच्या पासपोर्टात जे देश जास्त दिसतात त्यांची अक्षरे अशी :

- `FRA` फ्रान्स
- `ITA` इटली
- `D<<` जर्मनी
- `CHE` स्वित्झर्लंड
- `AUT` ऑस्ट्रिया
- `ESP` स्पेन
- `PRT` पोर्तुगाल
- `NLD` नेदरलँड्स
- `BEL` बेल्जियम
- `GRC` ग्रीस
- `POL` पोलंड
- `HRV` क्रोएशिया

स्वित्झर्लंडचे `CHE` हे त्या देशाच्या लॅटिन नावावरून आले आहे. ते पाहून चीन किंवा चिली समजू नये, त्यांची अक्षरे `CHN` आणि `CHL`. `AUT` म्हणजे ऑस्ट्रिया, ऑस्ट्रेलियाचे `AUS`. `SVK` स्लोव्हाकिया आणि `SVN` स्लोव्हेनिया. `ESP` स्पेन आणि `EST` एस्टोनिया. एका अक्षराने देश बदलतो, म्हणून अंदाजाने भरू नये.

जर्मनीचे प्रकरण सगळ्यांत वेगळे. त्याला एकच अक्षर, `D`, आणि उरलेल्या दोन जागी बाण. म्हणून जर्मनीच्या पर्यटन व्हिसाची ओळ `VCD<<` अशी सुरू होते. पण `D` हे व्हिसाच्या एका प्रकाराचेही अक्षर आहे. जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलाच्या स्टिकरवर ओळ `VDD<<` अशी सुरू होईल. त्यातील पहिला `D` प्रकाराचा, दुसरा देशाचा. जागा लक्षात ठेवली की गोंधळ होत नाही : दुसरी जागा प्रकाराची, तिसरीपासून देशाची.

जुन्या स्टिकरांवर, साधारण 2019 पूर्वीच्या, आणखी एक खूण आहे. त्यावर देशाचे अक्षर असे छापलेले असे की सरळ धरले तर फिकट आणि नव्वद अंशांत वळवले तर गडद दिसावे. फ्रान्सचे `F`, जर्मनीचे `D`, इटलीचे `I`, स्पेनचे `E`, पोर्तुगालचे `P`. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तिघांचे मिळून एकच, `BNL`. म्हणून जुन्या पासपोर्टात `BNL` दिसले तर तेवढ्यावर न थांबता तळाची ओळ पाहावी, तिथे तिघांपैकी नेमका कोण हे कळते.

प्रकाराचे अक्षर : A, C आणि D

देश कळला, आता कशासाठी दिला ते पाहू. `TYPE OF VISA` पुढे एक अक्षर असते आणि तेच तळाच्या ओळीत दुसऱ्या जागी असते.

`A` म्हणजे फक्त विमानतळावर विमान बदलण्यापुरता. या व्हिसावर विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

`C` म्हणजे थोड्या मुक्कामाचा. सहल, नातेवाइकांची भेट, व्यवसायाच्या बैठका यांसाठी. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. आपल्या ज्येष्ठ मंडळींचे बहुतेक व्हिसे हेच.

`D` म्हणजे त्या एका देशाचा स्वतःचा, 90 दिवसांहून जास्त मुक्कामाचा व्हिसा. शिक्षण, नोकरी, कुटुंबाकडे राहायला जाणे यांसाठी. हा त्या देशाच्या स्वतःच्या कायद्याने दिला जातो.

जुन्या पासपोर्टात `B` दिसला तर घाबरू नये. तो दुसऱ्या देशातून पुढे जाण्यासाठीचा प्रकार होता आणि 2010 मध्ये बंद झाला.

या अक्षराचे महत्त्व फक्त अर्जापुरते नाही. युरोपात नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये घेणारे एजंट आपल्याही भागात फिरतात. समजा एजंट म्हणाला, "पोलंडमध्ये दोन वर्षांची नोकरी, व्हिसा आला," आणि पासपोर्टात ओळ `VCLTU` अशी सुरू होत आहे. पाच अक्षरांत दोन गोष्टी कळल्या. देश पोलंड नसून लिथुएनिया आहे, आणि `C` असल्यामुळे तो दोन वर्षांच्या मुक्कामाचा असूच शकत नाही. त्यावर मुलगा गेला तर 90 दिवसांनंतर तो तिथे बेकायदा ठरेल. उरलेला हप्ता देण्यापूर्वी ही पाच अक्षरे वाचायला एक मिनिट लागते.

देणारा देश जाणून घेणे का गरजेचे

शेंगेनचा नियम असा की ज्या देशात मुख्य मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सगळीकडे सारखा असेल तर ज्या देशात आधी प्रवेश करणार, त्याच्याकडे. नानांच्या सहलीत सात रात्री इटलीत होत्या, म्हणून कंपनीने अर्ज इटलीकडे केला. ते बरोबर होते. उतरण्याची जागा पॅरिस असली तरी हरकत नाही, हाती इटलीतील हॉटेलांची नोंदणी असली म्हणजे झाले.

अडचण होते ती इथे. एका देशाकडे तारीख लवकर मिळते म्हणून तिकडून व्हिसा घ्यायचा आणि त्या देशात पाऊलही न ठेवता दुसरीकडे राहायचे, असा सल्ला काही एजंट सहज देतात. स्टिकरवर `GRC` आणि सगळी हॉटेले पॅरिसची, असे दिसले की सीमेवरील अधिकारी प्रश्न विचारतो. अर्जातच खोटी माहिती दिली होती असे ठरले, तर व्हिसा रद्दही होऊ शकतो. म्हणून पासपोर्ट हाती आल्यावर तीन अक्षरे आणि प्रवासाचा आराखडा एकमेकांशी जुळतात का, हे घरी बसून पाहावे.

दुसरी गोष्ट पुढच्या अर्जांची. शेंगेनच्या अर्जात पूर्वी बोटांचे ठसे दिले होते का, केव्हा आणि त्या वेळच्या स्टिकरचा क्रमांक काय, हे विचारतात. 59 महिन्यांच्या आत दिलेले ठसे पुन्हा वापरता येतात, त्यासाठी हा क्रमांक कामी येतो. म्हणून जुना पासपोर्ट बाद झाला तरी टाकू नये, आणि स्टिकरची एक झेरॉक्स वेगळी ठेवावी.

शिक्क्यावरून देश ठरवू नये, हे नानांच्या उदाहरणावरून लक्षात आलेच असेल. शिक्क्याच्या कोपऱ्यात ताऱ्यांच्या वर्तुळात जे अक्षर असते, ते ज्या देशाच्या सीमेवर तुम्ही आत गेलात त्याचे. व्हिसा कोणी दिला याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय ऑक्टोबर 2025 पासून युरोपने शिक्क्याऐवजी संगणकात नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात केली आहे. त्यामुळे प्रवाशाच्या हाती वाचण्यासारखे उरते ते स्टिकरच.

एक अपवाद सांगायला हवा. काही ठिकाणी एक देश दुसऱ्या देशाच्या वतीने व्हिसा देतो. लिख्टेनश्टाइनचे काम स्वित्झर्लंड पाहतो, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अशा स्टिकरवर तळाच्या ओळीत प्रत्यक्ष देणाऱ्या देशाची अक्षरे असतात आणि शेऱ्याच्या जागेत `R/` लिहून पुढे ज्याच्या वतीने दिला त्या देशाचे अक्षर असते. अर्जात देणारा म्हणून पहिला देश लिहावा आणि दुसऱ्याचा उल्लेख पत्रात करावा.

अमेरिकेच्या व्हिसात थोडा फरक

मंडळातील निम्म्या घरांत अमेरिकेचा व्हिसा आहे, म्हणून त्याविषयी थोडे. तिथे देणारा देश कोण हा प्रश्नच नाही. तळाची ओळ `VNUSA` अशी सुरू होते. `USA` देश आणि `N` म्हणजे कायम राहायला न जाणाऱ्याचा व्हिसा. तिथे गोंधळ होतो तो ठिकाणाचा आणि क्रमांकाचा.

`Issuing Post Name` पुढे वकिलातीच्या शहराचे नाव असते, `MUMBAI` किंवा `HYDERABAD`. अमेरिकन कारभारात या ठिकाणांना तीन अक्षरी संकेतही आहेत. मुंबईचा `BMB`, चेन्नईचा `MDR`, हैदराबादचा `HYD`. शहरांची नावे बदलली, पण संकेत जुन्या बॉम्बे-मद्रासचेच राहिले. बँकांच्या शाखांचे जुने कोड असेच वर्षानुवर्षे चालत राहतात, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. `BMB` पाहून हे कोणते अनोळखी गाव म्हणून घाबरू नये.

प्रकाराच्या जागी `R` आणि `B1/B2` असे असते. `R` म्हणजे साधा पासपोर्ट, `B1/B2` म्हणजे व्यवसाय व पर्यटन. आणि क्रमांक दोन असतात. वर छापलेला लांब आकडा नियंत्रण क्रमांक आहे. अर्जात मागतात तो व्हिसा क्रमांक मात्र लाल रंगात, खालच्या उजव्या बाजूला असतो. शेंगेनच्या सवयीने तळाच्या दुसऱ्या ओळीचे पहिले नऊ आकडे उतरवले तर चूक होईल, कारण अमेरिकन व्हिसात तिथे पासपोर्ट क्रमांक असतो.

तपासणी आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

शेवटी एक हिशेब, आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी. तपासणी आकडा काढण्याची रीत सोपी आहे. आकड्यांना क्रमाने 7, 3, 1, पुन्हा 7, 3, 1 असे गुणायचे, बेरीज करायची आणि तिचा एकंचा आकडा घ्यायचा. आपल्या नमुन्यातील शेवटची तारीख `250620` आहे. 2 गुणिले 7 चौदा, 5 गुणिले 3 पंधरा, 0 गुणिले 1 शून्य, 6 गुणिले 7 बेचाळीस, 2 गुणिले 3 सहा, 0 गुणिले 1 शून्य. बेरीज 77, म्हणून तपासणी आकडा 7. ओळीत तारखेपुढे 7 च आहे. जुळले.

याचा उपयोग उतरवताना झालेली चूक पकडण्यासाठी आहे. खऱ्याखोट्याचा निकाल त्यावरून लागत नाही, कारण खोटे स्टिकर करणाऱ्यालाही ही रीत माहीत असते. त्याचप्रमाणे अक्षरे बरोबर असली तरी व्हिसा आज चालू आहे असे सिद्ध होत नाही. रद्द केलेल्या व्हिसावर तसा शिक्का मारून `VISA` हा शब्द खोडलेला असतो, तो पाहावा. अंतिम शब्द त्यांच्या संगणकातील नोंदीचा. शंका असेल तर स्टिकरवरील क्रमांक देऊन देणाऱ्या देशाच्या वकिलातीलाच विचारावे. आणि कोणत्या वकिलातीला विचारायचे, हे आता आपल्याला तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अक्षरावरून कळते.

नानांनी नव्या पत्रात शेवटी एवढेच लिहिले : "मागील व्हिसा इटलीने दिला, मुंबईहून दिला, प्रकार C, स्टिकर क्रमांक अमुक. प्रवेश फ्रान्समार्गे केला, मुख्य मुक्काम इटलीत सात रात्री." त्यानंतर पुन्हा खुलासा मागितला गेला नाही. ज्यांच्या घरी असा अर्ज भरायचा असेल, त्यांनी याच क्रमाने माहिती लिहावी : देश, ठिकाण, प्रकार, क्रमांक, प्रवेशाची जागा, मुख्य मुक्काम. सगळ्या गोष्टी पासपोर्टातच आहेत, भिंग घेऊन बसले की सापडतात.